निर्णयवृक्ष : पायलटच्या निकालावर बेतलेली दोन टप्प्यांची गुंतवणूक

आधी थोड्या पैशांत चाचणी, म्हणजे पायलट, घ्यायची आणि तिचा निकाल पाहून मोठी रक्कम गुंतवायची की हात आखडता घ्यायचा हे ठरवायचे, अशा गुंतवणुकीचा हिशेब मांडण्याची आकृती. भांडवली खर्चाच्या निर्णयासाठी ही पद्धत जॉन एफ. मॅगी यांनी १९६४ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मधील लेखांतून मांडली. आकृतीतला चौकोन म्हणजे आपण घ्यायचा निर्णय, वर्तुळ म्हणजे आपल्या हातात नसलेली घटना. झाड डावीकडून उजवीकडे काढतात, पण सोडवतात उजवीकडून डावीकडे.

कांदा निर्जलीकरणाचे एक काल्पनिक उदाहरण घेऊ. जळगाव भागात पांढरा कांदा वाळवून विकण्याचा कारखाना काढायला ५०० लाख रुपये लागतील. बाजार चांगला मिळाला, तर पुढील सर्व वर्षांच्या रोख प्राप्तीचे कारखाना उभारतानाच्या तारखेचे मूल्य ८०० लाख. वाईट निघाला, तर २०० लाख. दोन्ही शक्यता निम्म्यानिम्म्या. आजच कारखाना काढला, तर अपेक्षित मूल्य ५०० आणि खर्चही ५००, म्हणजे हाती शून्य. दुसरा मार्ग पायलटचा : लहान ड्रायर घेऊन एक वर्ष माल काढायचा, खर्च ४० लाख. काम थांबवले तर ड्रायर विकून १० लाख परत येतात.

पायलट अचूक नसतो, आणि सगळी गोम इथेच आहे. समजा, बाजार खरोखर चांगला असेल तर पायलट ८० टक्के वेळा यशस्वी ठरतो. बाजार वाईट असतानाही ३० टक्के वेळा यशस्वी दिसतो. मग यशाची एकूण शक्यता ४० अधिक १५, म्हणजे ५५ टक्के. या ५५ पैकी चांगल्या बाजाराचा वाटा ४०, म्हणून यशानंतर बाजार चांगला असण्याची शक्यता सुमारे ७३ टक्के होते. ‘पायलट ८० टक्के खरा’ म्हणून इथे थेट ८० लिहिणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक. तिने दुसऱ्या टप्प्याचे निव्वळ मूल्य १३६ ऐवजी १८० लाख दिसते. अपयशानंतर चांगल्या बाजाराची शक्यता २२ टक्क्यांवर येते.

आता उजव्या टोकापासून मागे येऊ. यशानंतर कारखान्याचे अपेक्षित मूल्य ६३६ लाख, खर्च वजा जाता १३६. अपयशानंतर तेच मूल्य ३३३ लाख, म्हणजे कारखाना काढल्यास १६७ लाखांचा तोटा. तिथल्या चौकोनात ‘थांबा’ ही फांदी ठेवायची, १० लाख धरायचे आणि दुसरी फांदी छाटायची. दोन्ही निकालांची सरासरी, ५५ आणि ४५ टक्क्यांच्या प्रमाणात, सुमारे ७९.५ लाख येते. ही रक्कम वर्षभराने मिळणार, म्हणून १२ टक्के दराने आजचे मूल्य ७१ लाख. त्यातून पायलटचे ४० लाख वजा केले की ३१ लाख उरतात. पायलटसाठी जास्तीत जास्त किती मोजावे याचे उत्तरही यातच आहे : ७१ लाख.

निकाल काहीही लागला तरी कारखाना काढायचाच, असे मनात पक्के असेल, तर हेच झाड ४० लाखांचा तोटा दाखवते. सारा फायदा थांबता येण्यातून येतो. म्हणून ‘यश’ म्हणजे काय हे पायलट सुरू होण्याआधी कागदावर हवे, उदा., किती ग्राहकांनी ठरलेल्या भावाला पुन्हा मागणी नोंदवली. निकष नंतर ठरवला की अपयशाची फांदी कुणीच घेत नाही. दुसऱ्या टप्प्याच्या खर्चात पायलटचे ४० लाख पुन्हा धरण्याची चूकही होते. त्या चौकोनापाशी उभे असताना ते पैसे गेलेलेच असतात.

झाडाची खरी नाजूक जागा म्हणजे वाईट बाजारातही पायलट यशस्वी दिसण्याचे ते ३० टक्के. तो आकडा ५० केला, की ३१ लाखांचे जेमतेम ३ लाख राहतात. एक किलो वाळवलेल्या कांद्याला साधारण ८ ते १० किलो कच्चा कांदा लागतो. ज्या वर्षी कांदा पडेल भावाने मिळतो, त्या वर्षी कोणताही पायलट नफ्यात दिसतो आणि फसवे यश वाढते. त्यावर उपाय म्हणजे पायलटचा नफा त्या वर्षीच्या खरेदीभावाने न मोजता अनेक हंगामांच्या सरासरी भावाने मोजणे. त्याऐवजी ‘जोखीम आहे’ म्हणून व्याजदर १२ वरून २० करणे चूक : वाईट बाजाराची फांदी आधीच काढलेली असते, त्यामुळे तीच जोखीम दोनदा वजा होते.