पाळीआधीची चिडचिड: रक्तात सापडत नाही, तारखांत सापडते

पुण्यातल्या लॅबमध्ये हल्ली बायकांसाठी ‘हार्मोन प्रोफाइल’ नावाचं पॅकेज सहज मिळतं. पाळी जवळ आली की घरात कुणाशी बोलायची सोय राहत नाही, कारण नसताना रडू येतं, म्हणून अनेक जणी ते करून घेतात. इस्ट्रोजेन नॉर्मल, प्रोजेस्टेरॉन नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. मग घरचे म्हणतात, ‘बघ, काही नाहीये तुला.’ रिपोर्ट बरोबर असतो, त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा असतो. या त्रासात हार्मोनची पातळी नॉर्मलच असते. त्रास नसलेल्या बाईच्या आणि त्रास असलेल्या बाईच्या रक्तात कुठलाही ठरावीक फरक दाखवता आलेला नाही. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासावं ते थकवा आणि उदासीची दुसरी कारणं वगळण्यासाठी. त्या रिपोर्टवरून पीएमएस किंवा पीएमडीडी ठरत नाही.

ही दोन नावं बहुतेक वेळा एकाच अर्थाने वापरली जातात, म्हणून आधी ती वेगळी करू. पीएमएस म्हणजे प्रीमेन्स्ट्रुअल सिंड्रोम. पाळीआधीच्या पाचेक दिवसांत स्तन दुखणं, पोट फुगणं, डोकं दुखणं, चिडचिड, रडू येणं यांपैकी एखादं जरी लक्षण त्रास देण्याइतकं असलं आणि पाळी सुरू झाल्यावर चार दिवसांत ओसरलं, तर ते पीएमएस. पीएमडीडी म्हणजे प्रीमेन्स्ट्रुअल डिस्फोरिक डिसऑर्डर. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसूचीत त्याला २०१३ साली स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळाली. त्याच्या निकषांत अकरा लक्षणं आहेत आणि त्यांपैकी किमान पाच हवीत. शिवाय मनाच्या चार लक्षणांपैकी एक तरी असलंच पाहिजे: मूड झपाट्याने बदलणं, टोकाचा राग किंवा चिडचिड, खोल उदासी, प्रचंड ताण. आणि या सगळ्यामुळे नोकरी, अभ्यास किंवा नाती खरोखर अडलेली असली पाहिजेत. नुसतं पोट फुगलं, अंग दुखलं, तर त्रास कितीही असला तरी ते पीएमडीडी नाही.

आता प्रश्न असा की हार्मोन नॉर्मल आहेत, तर त्रास हार्मोनमुळे होतो असं म्हणायचं कशाच्या आधारावर? याचं उत्तर देणारा प्रयोग मला या विषयातला सगळ्यात देखणा वाटतो, म्हणून तो जरा सावकाश सांगतो.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत पीटर श्मिट, डेव्हिड रुबिनाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली तो प्रसिद्ध केला. पाळीआधी तीव्र त्रास होणाऱ्या बायकांना त्यांनी ल्युप्रोलाइड हे इंजेक्शन दिलं. त्याने मेंदूकडून अंडाशयाला जाणारे आदेश थांबतात, अंडाशय शांत होतं आणि इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन ही दोन्ही हार्मोन खाली येतात. त्यातल्या अनेक जणींचा त्रास गेला. मग इंजेक्शन चालूच ठेवून ज्यांना आराम पडला होता त्यांना बाहेरून एक हार्मोन दिलं, कधी इस्ट्रोजेन तर कधी प्रोजेस्टेरॉन, तेही साध्या पाळीच्या चक्रात असतं त्याच पातळीपर्यंत. त्रास परतला. हेच सगळं त्यांनी कधीही त्रास नसलेल्या बायकांवरही केलं. त्यांचे हार्मोन तसेच खाली गेले, तसेच वर आले, पण मनःस्थितीत काहीही बदललं नाही.

थोडक्यात, दोघींना मिळालेली मात्रा तीच, परिणाम मात्र एकीवरच. फरक हार्मोन वाचणाऱ्या मेंदूत आहे.

याच गटाने २०१७ मध्ये पुढचा प्रश्न विचारला: मेंदूला खुपतं ते काय, हार्मोनची पातळी की तिच्यातला बदल? या वेळी अंडाशय शांत केल्यावर त्यांनी दोन्ही हार्मोन रोज एकाच पातळीवर, तीन महिने न थांबता दिली. पहिल्या महिन्यात, म्हणजे पातळी शून्याजवळून वर चढली तेव्हा, लक्षणं उसळली. दुसऱ्या आणि तिसऱ्या महिन्यात पातळी तेवढीच होती, तरी लक्षणं ओसरली. खुपतो तो बदल. आणि बदल झाल्यावर त्याचे पडसाद उमटायला काही दिवस लागतात, म्हणून त्रासाच्या दिवशी घेतलेलं रक्त त्याविषयी काही सांगू शकत नाही.

मेंदूत नेमकं काय होतं याचा धागा अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन या रेणूपर्यंत जातो. अंडं बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन वाढतं आणि त्यापासून शरीरात, मेंदूतसुद्धा, हा रेणू बनतो. मेंदूला शांत करणाऱ्या गाबा यंत्रणेच्या ज्या ग्राहकांवर, म्हणजे पेशींवरच्या संदेश टिपणाऱ्या रेणूंवर, झोपेच्या गोळ्या काम करतात, त्यांवरच तोही काम करतो. म्हणजे खरं तर त्याने शांत वाटायला हवं, आणि बहुतेक बायकांना त्याचा त्रास होत नाही. पीएमडीडीमध्ये मात्र हे ग्राहक त्याच्या चढउताराशी नीट जुळवून घेत नाहीत आणि शांततेच्या जागी चिडचिड आणि ताण येतो, असं आजचं सर्वांत पटणारं स्पष्टीकरण आहे. प्रोजेस्टेरॉनपासून हा रेणू बनूच न देणारं औषध जास्त मात्रेत दिल्यावर काही जणींची लक्षणं कमी झाल्याचं एका छोट्या चाचणीत दिसलं. त्यामुळे या स्पष्टीकरणाला आधार मिळतो.

म्हणूनच ‘प्रोजेस्टेरॉन कमी आहे, ते वाढवा’ असा सल्ला बिनबुडाचा आहे. पाळीआधीच्या त्रासासाठी प्रोजेस्टेरॉन दिलेल्या चाचण्यांत ठोस फायदा दिसलेला नाही. ‘हार्मोन बॅलन्स’ नावाने विकल्या जाणाऱ्या चूर्णांना आणि डिटॉक्स चहांना बॅलन्स करायला मुळात काही बिघडलेलंच नसतं. अमावास्येला हा त्रास वाढतो, या आजीच्या समजुतीचंही तेच. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा आणि पाळीचं चक्रही साधारण तेवढंच, म्हणून काही महिने दोन्ही जुळतात आणि आजीचं म्हणणं खरं ठरल्यासारखं वाटतं. पुढे चक्र सरकतं, तेव्हा कुणी तपासत नाही.

मग निदान करायचं कशावरून? रोजच्या नोंदीवरून, आणि तीही किमान दोन चक्रांची. आठवणीवर विसंबता येत नाही, कारण पाळीआधी चिडचिड होते हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. त्यामुळे त्या दिवसांतला राग लक्षात राहतो आणि एरवीचा विसरला जातो. ‘दर महिन्याला होतं’ असं खात्रीने सांगणाऱ्या बऱ्याच जणींच्या नोंदीत तसं काही दिसत नाही.

नोंदीसाठी भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. रोज रात्री झोपण्याआधी राग, उदासी, ताण, मूड बदलणं, झोप, भूक, थकवा, लक्ष न लागणं अशा प्रत्येक लक्षणाला १ ते ६ गुण द्यायचे. १ म्हणजे अजिबात नाही, ४ म्हणजे मध्यम, ६ म्हणजे टोकाचं. कामावर किंवा घरात काय अडलं तेही दोन शब्दांत लिहायचं. रविवारी बसून आठवडाभराचे गुण भरले तर ती पुन्हा आठवणच झाली. चांगला दिवसही लिहायचा, कारण पुढचा सगळा हिशोब चांगल्या दिवसांवर उभा आहे. आणि मोजणी अ‍ॅपने दाखवलेल्या अंदाजाच्या तारखेपासून न करता, प्रत्यक्ष रक्तस्राव सुरू झाला त्या दिवसापासून करायची. तो पहिला दिवस. त्याच्या आधीचे सात दिवस हा एक आठवडा, आणि पाळीच्या चौथ्या ते दहाव्या दिवसापर्यंतचा दुसरा. या दोन आठवड्यांची तुलना करायची.

समजा, हिंजवडीत एकाच ऑफिसात काम करणाऱ्या दोघी आहेत. पहिलीच्या रागाचे पाळीआधीचे गुण २, ३, ४, ५, ६, ६, ५, म्हणजे सरासरी ४.४. पाळीनंतरचे २, १, १, १, १, १, १, सरासरी १.१. फरक ३.३. तिने १ ते ६ अशी पूर्ण पट्टी वापरली आहे, म्हणजे पट्टीची लांबी ५, आणि फरक त्याच्या सुमारे ६६ टक्के. संशोधकांच्या मोजणीत हा फरक ३० टक्क्यांहून कमी नको, पाळीआधी किमान दोन दिवस ४ किंवा जास्त गुण हवेत, आणि नंतरच्या आठवड्यात एकही दिवस ३ च्या वर जायला नको. तिन्ही अटी पूर्ण झाल्या. आणखी चार लक्षणं अशीच निघाली, काम अडलं आणि दुसऱ्या चक्रातही हेच दिसलं, तर पीएमडीडी. फक्त एकदोन लक्षणं निघाली, तर पीएमएस.

दुसरीचे गुण पाळीआधी ५, ५, ६, ६, ६, ५, ५ आणि नंतर ४, ३, ४, ४, ३, ४, ४. पाळीआधीचा तिचा त्रास पहिलीपेक्षा जास्त आहे. फरकही ३४ टक्के, म्हणजे ती अटही पूर्ण. तरी हे पीएमडीडी नाही, कारण पाळीनंतर पाटी कोरी होत नाही. हिला मूळचं नैराश्य किंवा चिंताविकार असण्याची शक्यता आहे, जो महिनाभर असतो आणि पाळीआधी बळावतो. हिला महिन्याचे चौदा दिवस औषध दिलं, तर मूळ आजार तसाच राहील. निदान इथेच सगळ्यात जास्त वेळा चुकतं, आणि दोघींची तक्रार शब्दशः सारखी असते.

पीएमडीडीच्या त्या दिवसांत जीव नकोसा होण्याचे विचार येऊ शकतात. तसं असेल तर दोन चक्रांची नोंद पूर्ण व्हायची वाट पाहू नये. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावं किंवा टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करावा. तिथे मराठीत बोलता येतं.

पीएमएसला रोजचा व्यायाम, झोप आणि कॅल्शियम यांनी काहींना फरक पडतो. आहार धरून दिवसाला सुमारे १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम व्हावं. पीएमडीडीवर पहिलं औषध म्हणजे एसएसआरआय या नैराश्यावरच्या औषधांच्या गटातलं, उदाहरणार्थ फ्लुओक्सेटिन, बहुधा २० मिलिग्रॅम. नैराश्यात याच औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात, पीएमडीडीत मात्र तो काही दिवसांतच दिसतो. म्हणून ते पाळीच्या सुमारे १४ दिवस आधी सुरू करून पाळी आल्यावर थांबवता येतं. असं का होतं, तर हे औषध अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोनवरही परिणाम करत असावं, असा अंदाज आहे. सुरुवातीला मळमळ होऊ शकते. घरात किंवा स्वतःला बायपोलर आजार असेल, किंवा मूल हवं असेल, तर डॉक्टरांना आधी सांगावं, कारण बायपोलरमध्ये एकट्या एसएसआरआयने उन्मादाची अवस्था सुरू होऊ शकते. दुसरा पर्याय ड्रॉस्पिरेनोन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या. धूम्रपान, मायग्रेन किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास असेल, तर त्या चालतीलच असं नाही.

औषध सुरू झालं तरी कॅलेंडर बंद करू नये. आधीच्या दोन चक्रांशेजारी पुढच्या दोन चक्रांचे गुण ठेवले की गोळी काम करते आहे का, हे डॉक्टरांना विचारण्याआधीच दिसतं. पाळीआधीचे गुण खाली आले नाहीत, तर मात्रा किंवा औषध बदलायचं. पाळीआधीचे खाली आले पण पाळीनंतरचे वर जायला लागले, तर निदानच पुन्हा तपासायचं.