उसने शब्द (मराठीतील ध्वनी व रूप यांचे अनुकूलन)

एका भाषेतून दुसऱ्या भाषेत आलेला आणि तिथे रुळलेला शब्द. व्याकरणकार अशा शब्दांना परभाषीय शब्द म्हणतात, तर काही अभ्यासक आगत शब्द ही संज्ञा वापरतात. संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेले तत्सम शब्द खरे तर उसनेच असतात, पण मराठीत त्यांचे नियम स्वतंत्र असल्याने त्यांचा इथे तुलनेपुरता विचार केला आहे. उसनवारीचा व्याप मोठा आहे. या नोंदीत एकच धागा धरला आहे: स आणि श हे दोन ध्वनी, आणि परका शब्द मराठीत मुरला की नाही हे त्यांवरून कसे कळते. त्यासाठी नाशिक शहराचे नाव आणि नाशिक परिसरातील बोली सोयीची पडते.

नाशिक या नावाची व्युत्पत्ती विवाद्य आहे. लोकांत रूढ असलेली कथा शूर्पणखेच्या कापलेल्या नाकाची, म्हणजे ‘नासिका’ या शब्दाची आहे. दुसरे मत ‘नवशिखर’, म्हणजे नऊ टेकड्यांचे गाव, असे सांगते. शहराजवळच्या पांडवलेण्यांतील प्राकृत शिलालेखांत ‘नासिक’ हे रूप येते. हे लेख साधारणतः इसवी सनपूर्व पहिल्या शतकापासून पुढचे मानले जातात. ‘नवशिखर’ या मताला हा पुरावा अडचणीचा आहे. ‘नवशिखर’चे प्राकृतात ‘नवसिहर’ यासारखे रूप अपेक्षित आहे, आणि त्यापासून इतक्या लवकर ‘नासिक’ होणे अवघड दिसते. म्हणून ‘नासिक’ हेच रूप मूळ धरणे अधिक सुरक्षित. मात्र त्या नावाचा नाकाशी खरोखर संबंध आहे की ती कथा नावावरून पुढे रचली गेली, याचा निर्णय ध्वनिशास्त्र देऊ शकत नाही.

ध्वनिशास्त्र सांगू शकते ते एवढेच, की ‘नासिक’चे ‘नाशिक’ का झाले. महाराष्ट्री प्राकृतात श, ष, स हे तिन्ही एकाच ‘स’मध्ये विलीन झाले होते. पुढे मराठीत इ, ई आणि बऱ्याच वेळा ए यांच्या आधीचा स टाळूकडे सरकला आणि श झाला. मूळ संस्कृतात स असलेले शब्द घेतले की हे स्वच्छ दिसते: सीव्यति पासून शिवणे, सिध्यति पासून शिजणे, सीमा पासून शीव, सिंदूर पासून शेंदूर. म्हैस या शब्दाचे अनेकवचन म्हशी होते, तेही याच कारणाने. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ ज्यूल ब्लॉक यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मराठीच्या जडणघडणीवर केलेल्या अभ्यासात हा बदल नोंदला आहे. ‘नाशिक’ हे या मालिकेतलेच रूप आहे. ब्रिटिश काळातील रोमन लेखनात मात्र जुना स टिकला.

हा नियम सगळीकडे सारखा चालत नाही. तत्सम शब्द त्याच्या बाहेर राहतात, म्हणून नाशिकला दर बारा वर्षांनी भरतो तो सिंहस्थच. जिल्ह्यातलेच सिन्नर हे गावही सि- राखून आहे. गावांच्या नावांत लेखी परंपरेचा दाब मोठा असतो, त्यामुळे अशा नावांवरून नियम खोडून काढणे बरोबर नाही.

फारसी शब्द मराठीत मोठ्या संख्येने आले ते बहमनी राजवटीपासून, म्हणजे चौदाव्या शतकाच्या मध्यानंतर. मूळ अरबी असलेले बहुतेक शब्दही फारसीतूनच आले. मोगल अमलात नाशिकचे नावच गुलशनाबाद झाले होते. अठराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास पेशव्यांच्या काळात जुने नाव परत आले असे सामान्यतः मानतात. ते राजनाव गेले, पण फारसी शब्द राहिले, आणि त्यांना वरचा नियम जसाच्या तसा लागला. सिपाही चे शिपाई झाले, सिक्का चे शिक्का, सियाही ची शाई, नसीब चे नशीब, तफसील चे तपशील, वसीला चा वशिला. या शब्दांच्या फारसी उच्चारात स होता याबद्दल शंका नाही, आणि त्यांतला श मराठीतच आला. यावरून इ-आधीचा स टाळूकडे नेण्याची सवय चौदाव्या शतकानंतरही जिवंत होती असे म्हणता येते. ती नेमकी कधीपर्यंत जिवंत होती हे कागदपत्रांवरून ठरवताना जपून राहावे लागते, कारण मोडी कागदांत स आणि श यांची अदलाबदल पुष्कळ आढळते.

या गटातला सर्वांत बोलका शब्द ‘शिफारस’ आहे. मूळ फारसी सिफारिश: आधी स, शेवटी श. मराठीत नेमके उलट, आधी श आणि शेवटी स. दोन ध्वनींनी जागा बदलल्या, म्हणजे हा वर्णविपर्यय आहे, असे स्पष्टीकरण सहज सुचते. पण ‘बक्षीस’ हा शब्द शेजारी ठेवला की ते अपुरे ठरते. मूळ बख्शिश मध्ये स नाहीच. दोन्ही ठिकाणी श आहे, तरी मराठीत शेवटी स आला. म्हणजे अदलाबदल करायला दुसरा ध्वनी नसतानाही शेवटच्या श चा स होतो. उलट ‘मालीश’मध्ये एकच श आहे आणि तो टिकला आहे. यावरून विषमीकरणाचे मत अधिक पटते: एका शब्दात टाळूकडचे दोन घर्षक आले, तर दुसरा मागे हटून स होतो. सिफारिश मध्ये आधी इ-मुळे स चा श झाला, मग दोन श झाले आणि दुसऱ्याने जागा सोडली. या मतालाही एक अडचण उरते. पलंगपोश या फारसी शब्दात एकच श आहे, तरी मराठीत ‘पलंगपोस’ म्हणतात.

‘शिफारस’ची पुढची पायरी अधिक महत्त्वाची आहे. हा शब्द मराठीत स्त्रीलिंगी झाला आणि त्याचे अनेकवचन ‘शिफारशी’ झाले. एखाद्या समितीच्या शिफारशी वाचताना तिथे फारसी शब्दाचा मूळ श परत आला आहे असा भास होतो. तो परत आलेला नाही. म्हैस–म्हशी हा मराठीचा स्वतःचा नियम इथे पुन्हा लागला: पुढे ई आली, स चा श झाला. ‘शिफारशी’ म्हणणाऱ्याला फारसी येत असण्याची गरज नाही, त्याला म्हशी माहीत असल्या की पुरे.

इथून ध्वनीचा प्रश्न रूपाच्या प्रश्नाशी जोडला जातो. मराठीत नामाला प्रत्यय लावण्यापूर्वी त्याचे सामान्यरूप होते. मुरलेला उसना शब्द हे सामान्यरूप पूर्ण घेतो. फारसी रस्ता चे रस्त्यावर होते, आणि खिसा चे खिशात. या दोन्ही रूपांत एकच य आहे. रस्त्या- मध्ये तो दिसतो, खिशा- मध्ये स आणि य मिळून श झाला आहे, अगदी घसा–घशात, ससा–सशाला यांच्यासारखा. उपान्त्य दीर्घ स्वर ऱ्हस्व होण्याचा नियमही हे शब्द पाळतात: नशीब पण नशिबात, तपशील पण तपशिलात, बक्षीस पण बक्षिसाची. तत्सम ‘शरीर’ असे वागत नाही, तिथे शरीरात हेच रूप राहते. म्हणजे या बाबतीत फारसी ‘नशीब’ हे संस्कृत ‘शरीर’पेक्षा अधिक मराठी आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखन नियमांत गरीब–गरिबाला हे उदाहरण दिले जाते, आणि ‘गरीब’ हा शब्दही उसनाच.

इंग्रजी शब्दांत दोन थर दिसतात. जुन्या थरातले शब्द फारसी शब्दांच्याच वाटेने गेले. नाशिकरोडच्या मुद्रणालयांत 1920च्या दशकापासून टपालाची तिकिटे आणि चलनी नोटा छापल्या जातात. या दोन्ही शब्दांची रूपे पूर्ण मराठी आहेत: तिकीट, तिकिटे, तिकिटावर, नोट, नोटा, नोटेवर. नव्या थरातले शब्द मात्र मूळ रूपाला चिकटून राहतात. नाशिककर कॉलेज रोडवर जातात, ‘रोडावर’ कोणी म्हणत नाही. म्हणजे रस्त्यावर आणि रोडवर या दोन रूपांतच दोन्ही शब्दांचे मराठीतले वय दिसते. ‘बस’ स्त्रीलिंगी आहे, पण शिफारशी–म्हशींच्या चालीवर तिचे ‘बशी’ होत नाही. अनेकवचन बस किंवा बसेस.

इंग्रजी शब्दांत स च्या पुढे ट आला की आणखी एक अडचण उभी राहते. मराठीच्या जुन्या शब्दसंपत्तीत स च्या जोडीला त येतो (स्वस्त, वस्तू) आणि ट च्या जोडीला ष येतो (गोष्ट, कष्ट). स्ट ही जोडी परकी. ती दोन वाटांनी सोडवली गेली. एका वाटेने ट दाताकडे आला आणि ‘मास्तर’ झाला. दुसऱ्या वाटेने स मागे वळला आणि ‘पोष्ट’ झाले. ‘मास्तर’ पोर्तुगीजांमार्फत आला असाही तर्क करता येईल, पण पोर्तुगीज मेस्त्र पासून आलेला ‘मिस्त्री’ मराठीत वेगळा नांदतो, म्हणून तो इंग्रजीतूनच आला असे मानणे बरे. शब्दाच्या आरंभी ही जोडी आली तर स गळून ‘ठेसन’ होते किंवा आधी इ लागून ‘इस्टूल’ होते. हीच सवय अक्षरनामांनाही लागली: ‘एस. टी.’ या दोन अक्षरांची ग्रामीण बोलीत ‘येष्टी’ झाली.

निफाड–लासलगावकडच्या खेड्यांत जुन्या पिढीच्या तोंडी ‘शिमिटाची टाकी’ ऐकू येते, आणि त्याच घरातले शिकलेले मूल ‘सिमेंटची टाकी’ म्हणते. फरक केवळ उच्चाराचा नाही. पहिल्या रूपात स चा श झाला, ‘मेंट’चे ‘मिट’ झाले आणि सामान्यरूपाचा आ-ही आला. दुसऱ्यात यांपैकी एकही गोष्ट घडली नाही. ठेसनात आणि स्टेशनवर या जोडीतही हेच दिसते. ध्वनी वाकला की रूपही वाकते, असा हा संबंध बराचसा पक्का आहे, पण उलट दिशेने तो तितका खरा नाही. ‘नोट’चा ध्वनी जवळपास न बदलता तिचे रूप पूर्ण मराठी झाले, कारण तिच्यात मराठीला न पेलणारा ध्वनी मुळातच नव्हता.

प्रमाण मराठीत सिनेमा, सिमेंट, सिग्नल यांचा स आज टिकतो. नाशिकची वस्ती सिडको हिलाही कोणी ‘शिडको’ म्हणत नाही. शिक्षण आणि छापील मजकूर यांमुळे मूळ रूप डोळ्यांसमोर राहते, हे त्याचे एक कारण असावे. बोलीत मात्र ‘शिनेमा’ अजून ऐकू येतो, आणि पैसे या शब्दाचे ‘पैशे’ही होते. प्रमाण भाषेत ‘शेंदूर’मध्ये ए-आधी लागलेला, पण ‘पैसे’मध्ये न लागणारा नियम तिथे ‘पैसे’लाही लागतो.