शर्ट चुरगळतो, टी-शर्ट का नाही?

शंभर टक्के सुती पॉपलीनचा शर्ट आणि शंभर टक्के सुती टी-शर्ट शेजारी ठेवा. तंतू एकच, कापूस. तरी हात पुढे घेतला की शर्ट पाठीत ओढतो, त्याची कापलेली कड सुटत जाते आणि तासभर खुर्चीत बसलं की मागच्या बाजूला घड्या पडतात. टी-शर्ट मात्र ताणला जातो, कापला तरी दोरे सोडत नाही आणि बॅगेत कोंबला तरी फारसा बिघडत नाही. फरक कापसात नाही, सूत कापडात कसं बसवलंय त्यात आहे.

मोबाइलचा कॅमेरा झूम करून दोन्ही कापडं बघा. शर्टात उभे धागे म्हणजे ताणा, आडवे धागे म्हणजे बाणा, आणि ते एकमेकांना काटकोनात, एक वर एक खाली असे ओलांडतात. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीच्या मागांवर असंच कापड निघतं. टी-शर्टात उभे-आडवे धागे दिसतच नाहीत. सुलट बाजूला एकावर एक चढलेल्या बारीक 'व्ही' आकारांच्या उभ्या रांगा दिसतात, उलट बाजूला कमानींच्या आडव्या रांगा. प्रत्येक 'व्ही' म्हणजे सुताचा एक फास, खालच्या फासातून वर ओढलेला. स्वेटरच्या सुलट-उलट टाक्यांचीच ही रचना, फक्त सूत बारीक आणि यंत्र गोल. अशी होजिअरी तिरुपूर आणि लुधियानात मोठ्या प्रमाणावर बनते.

आता थोडा हिशेब. नेहमीच्या हलक्या टी-शर्टात रुंदीच्या 1 सेंटिमीटरमध्ये साधारण 14 फास बसतात आणि एका फासात सुमारे 2.8 मिलिमीटर सूत लागतं. म्हणजे 1 सेंटिमीटर रुंदीत एकाच आडव्या ओळीत जवळपास 4 सेंटिमीटर सूत दडलेलं असतं. पॉपलीनमध्ये 1 सेंटिमीटर लांबीचा धागा कापडातून उसवून सरळ केला, तर तो जेमतेम मिलिमीटरभर जास्त भरतो. ही वाढ धाग्याच्या वर-खाली नागमोडीमुळे, आणि तेवढीच. पुढची बहुतेक उत्तरं या चार आणि एकच्या फरकात आहेत.

टी-शर्ट आडवा ओढला की सूत ताणलं जात नाही, फासांचा आकार बदलतो. उभट फास पसरून आडवे होतात आणि त्यातलं साठवलेलं सूत रुंदीला मिळतं. 10 सेंटिमीटरची पट्टी सहज 14-15 सेंटिमीटर होते. चौपट मात्र होत नाही, कारण फास एकमेकांना भिडून अडकतात. उभं ओढलं तर ताण कमी मिळतो, कारण फासाला दोन पाय असतात आणि त्याचं सूत दोन पायांत वाटलं जातं. म्हणूनच टी-शर्ट कापताना जास्त ताणाची बाजू अंगाभोवती ठेवतात.

ताणलं जाणं आणि मूळ जागी परतणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फास परत आणायला वाकलेल्या सुताची स्वतःची उसळी लागते आणि कापसात ती कमी असते. म्हणून होजिअरीचा सुती पायजमा गुडघ्यावर फुगतो. टी-शर्टाच्या गळ्याला साधी जर्सी, म्हणजे अंगाचंच कापड, न लावता रिबची पट्टी लावतात, कारण तिच्यात सुलट आणि उलट टाक्यांच्या रांगा आलटून पालटून असतात आणि त्या आपणहून परत मिटतात. त्यात थोडं लायक्रा असलं तर गळा आणखी टिकतो.

पॉपलीन उभं-आडवं ताणत नाही, पण तिरकं ओढा. 45 अंशांत ओढलं की धागे लांब न होता त्यांच्यातला काटकोन मोडतो आणि चौकोनाचा पतंगासारखा आकार होतो. 10 सेंटिमीटर बाजूच्या चौरसाचा कर्ण 14.1 सेंटिमीटर असतो. काटकोन 60 अंशांवर आला तर लांब कर्ण 17.3 होतो. बाजू तसूभरही न वाढता बावीस-तेवीस टक्के वाढ. ब्लाउजच्या गोल गळ्याला उरेब, म्हणजे तिरकी कापलेली पट्टी लावतात ती यासाठीच. त्याच कापडाची सरळ पट्टी गळ्याच्या वळणावर चुण्या पाडते.

कड सुटण्याचं कारणही आता दिसेल. पॉपलीन ताण्याच्या रेषेत कापलं की कडेच्या उभ्या धाग्याला बाण्याची कापलेली टोकं तेवढी धरून असतात. त्यांच्या घर्षणावर धागा टिकतो. चार धुण्यांनी तो निसटला की पुढचा उघडा पडतो. सॅटिनमध्ये धागे बऱ्याच अंतरानंतर एकदा ओलांडतात, पकड कमी, म्हणून ते कापताच सुटायला लागतं. शिलाईबाहेर 1 ते 1.5 सेंटिमीटर माया सोडून ती ओव्हरलॉक करावी लागते. अगदी कमी माया ठेवली तर पहिल्यांदा तिथेच शिवण उकलते, तीही बहुतेक काखेत. तिरकी कापलेली कड मात्र फारशी सुटत नाही, कारण तिथे कडेला समांतर एकही धागा नसतो.

टी-शर्टात फास शेजारच्या फासांत अडकलेले असल्यामुळे कडेचे धागे असे गळत नाहीत. त्याऐवजी कड गुंडाळली जाते. आडवी कापलेली कड सुलट बाजूकडे वळते, उभी कापलेली उलट बाजूकडे. बाजू ओळखायची असेल तर आडवी कड हलकेच ओढून बघा. होजिअरीचा खरा धोका वेगळा आहे: एक फास तुटला की त्यावर टांगलेले फास उभ्या रांगेत एकेक करून सुटतात. कापसाचं सूत खरखरीत असल्याने ते हळू चालतं, नायलॉनच्या मोज्यात मात्र क्षणात शिडी पडते. म्हणून होजिअरी शिवताना टोकदार सुई नको, गोल टोकाची 75 नंबरची सुई घ्या. ती सूत न कापता बाजूला सारते. टोकदार सुईची चूक शिवताना कळत नाही. दोन धुण्यांनंतर शिवणीलगत बारीक भोकांची रांग दिसते. टाकाही सरळ नको. कापड दीडपट ताणलं की सरळ टाक्याचा दोरा तट्कन तुटतो. घरच्या मशीनवर अर्धा ते एक मिलिमीटर रुंदीचा झिगझॅग पुरतो.

घड्यांच्या बाबतीत कापूस दोन्हीकडे तितकाच दोषी आहे. त्याच्या सेल्युलोजच्या साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरलेल्या असतात. तंतू तीव्र वाकला की काही बंध तुटतात आणि वाकलेल्या स्थितीतच नवे जुळतात. ओलावा हे काम सोपं करतो, म्हणून घामाने दमट झालेली पाठ आधी चुरगळते. पण तंतू किती वाकेल हे रचना ठरवते. पॉपलीनमध्ये धागे प्रत्येक ओलांडणीवर आवळलेले असल्याने घडी पडताना सरकायला जागा नसते. सगळा वाक एका रेषेवर येतो. त्याच सुताचं ट्विल, म्हणजे तिरक्या रेघांच्या विणीचं कापड, कमी चुरगळतं, कारण त्यात ओलांडण्या कमी. टी-शर्टात फास घसरतात, दाब आजूबाजूला वाटला जातो आणि वाक गोलसर राहतो. टी-शर्टाला पँटसारखी धारदार क्रीज बसत नाही तीही याचमुळे.

इस्त्रीत वाफ आणि उष्णता हेच बंध सोडवतात, म्हणून सुती शर्ट किंचित ओलसर असताना इस्त्री करावा. टी-शर्टावर इस्त्री सरकवत ओढू नका, फास तिरके होऊन कापड वेडंवाकडं बसतं; ठेवा, दाबा, उचला. ओला टी-शर्ट हँगरवर टांगला तर पाण्याच्या वजनाने फास उभे लांबतात आणि खांद्यावर हँगरची टोकं उमटतात. तो दोरीवर मधोमध दुमडून किंवा आडवा पसरून वाळवा.

स्ट्रेच जीन्सने गोंधळायचं कारण नाही. ती मागावरच विणलेली असते, फक्त बाण्यात लायक्राचा गाभा असलेलं सूत असतं. त्यामुळे ती आडवी ताणते, उभी नाही, आणि कापली की डेनिमसारखीच दोरे सोडते. तिची लांबी कमी करायची असेल तर खाली दुमडायला 3 सेंटिमीटर सोडा आणि कापण्याआधी एकदा धुऊन घ्या.