कॉफीत गूळ आणि साखर: गोडी एकच, काम वेगळं

साखर सोडायची म्हटलं की पहिला सल्ला मिळतो तो 'त्याऐवजी गूळ घाल, चव तीच लागते' असा. चहात हे एक वेळ खपून जातं, कारण आलं-वेलची बरंच काही झाकून टाकतात. कॉफी मात्र लगेच उघडं पाडते. त्याच कॉफीत तेवढाच गूळ घालून प्या, पेय वेगळंच झालेलं असतं. कधी छान लागतं, तर कधी पहिल्याच घोटाला वाटतं की आपण काकवी पीत आहोत.

आधी साखरेचं पाहू. पांढरी साखर म्हणजे जवळजवळ शुद्ध सुक्रोज. तिला स्वतःचा वास नाही, रंग नाही. तरीही ती फक्त गोडी वाढवत नाही, कडूपणा आणि आंबटपणाही दाबते. गंमत म्हणजे कडू पदार्थ कपात जसेच्या तसे असतात. गोड आणि कडू एकदम आले की मेंदूच दोन्हींची धार कमी करतो. कॉफीचा कडूपणा कॅफिनमुळे असतो असा समज आहे, पण त्यात कॅफिनचा वाटा लहान आहे. जास्त वाटा बिया भाजताना तयार होणाऱ्या पदार्थांचा. म्हणून कॅफिन काढून टाकलेली कॉफीही कडूच लागते.

वासात साखर लुडबुड करत नसल्यामुळे कमी भाजलेल्या, आंबटसर कॉफीला ती फार चांगली मानवते. लिंबाच्या पाण्यात साखर पडली की ते सरबत होतं, तसाच हा प्रकार. आधी नुसता आंबट लागणारा घोट अचानक फळासारखा लागतो.

गूळ याच्या उलट वागतो. उसाचा रस आटवताना साखरेसारखी मळी वेगळी काढलेली नसते, त्यामुळे गुळात सुक्रोजबरोबर थोडं ग्लुकोज-फ्रुक्टोज, क्षार, आम्लं, ओलावा आणि रस कढताना तयार झालेले वास हे सगळं राहतं. ते वास भाजलेल्या, करपू लागलेल्या साखरेच्या कुळातले, म्हणजे भाजलेल्या कॉफीचे चुलतभाऊच. म्हणून गडद भाजलेल्या कॉफीत गूळ मिसळून जातो आणि घोट अंगाने जाड वाटतो. हलक्या भाजणीच्या कॉफीत मात्र तोच गूळ फळाचा, फुलाचा वास गिळून टाकतो आणि उरते फक्त गुळाची चव. गूळ जितका काळपट, तितकं हे जास्त. क्षारांमुळे गुळाला मागून किंचित खारट झाकही असते. साखरेत ती कधीच सापडणार नाही.

हे करून बघायचं तर 20 ग्रॅम गडद भाजलेली पूड 300 मिली पाण्यात घेऊन कोरी कॉफी करा, गाळा आणि दोन कपांत सारखी वाटा. एकात 5 ग्रॅम साखर, दुसऱ्यात 5 ग्रॅम किसलेला गूळ. वजनकाटा असेल तर वापराच, कारण किसलेला गूळ चमच्यात कधी दाबून बसतो, कधी भुरभुरीत राहतो, आणि चमच्याच्या मापात हमखास फसगत होते. माझ्या जिभेला साखरेचा कप जास्त गोड आणि मोकळा लागतो. घोट गेला की गोडीही जाते. गुळाच्या कपात गोडी किंचित कमी, कडूपणा थोडा शिल्लक, पण घोट संपल्यावर तोंडात खमंगपणा रेंगाळतो. गोडी कमी पडली म्हणून आणखी गूळ घालण्याचा मोह आवरा, कारण त्याबरोबर गुळाचा वासही वाढतो आणि कॉफी मागे पडते. तळाशी बारीक कचकच राहिली तर ती गुळातली. पुढच्या वेळी गूळ विरघळवून मग गाळा.

आता खरी अडचण, दुधाची. गुळाची कॉफी फाटते आणि दोष दुधाला दिला जातो. दुधाचा पीएच साधारण 6.7 असतो, कोऱ्या कॉफीचा 5च्या आसपास. त्यात गूळही थोडा आम्लधर्मी, आणि जुना, पाणी सुटलेला गूळ आंबत जातो तसा आणखीच. दुधातलं केसिन 4.6 ला साकळतं हे खरं, पण दूध उकळतं असेल तर ते त्याच्या बऱ्याच आधी दगा देतं, आणि गुळातले कॅल्शियमसारखे क्षार त्याला हातभार लावतात. तेव्हा दूध, कॉफी आणि गूळ एकत्र उकळणं म्हणजे नासवण्याची पूर्ण तयारी. साखर इथे निर्दोष आहे. ती कधीही घाला, दुधाला काही होत नाही.

मी डिकॉक्शनमध्ये गूळ विरघळवतो, गाळतो आणि दोन-तीन मिनिटं बाजूला ठेवतो. दूध वेगळं तापवून, उकळी बसल्यावर, शेवटी ओततो. त्यानंतर भांडं पुन्हा गॅसवर चढवत नाही. एवढं करूनही कपाच्या कडेला रव्यासारखे कण चिकटले आणि मधे पातळ पाणी दिसलं, तर गूळच आंबट आहे. नवी ढेप आणली की चमचाभर दुधात खडा घालून ते उकळून बघावं. तिथे फुटलं तर तो गूळ कोऱ्या कॉफीसाठी ठेवायचा. चिमूटभर सोडा घातला तर दूध वाचतं, पण कॉफी सपक आणि साबणासारखी लागते, मला तो सौदा पटत नाही. आणि तब्येतीसाठी गुळाकडे वळत असाल, तर गुळातही मुख्य भाग साखरेचाच आहे हे मधुमेह असणाऱ्यांनी तरी विसरू नये.

मधाची तऱ्हा निराळी. त्यात फ्रुक्टोज बरंच असतं आणि फ्रुक्टोजची गोडी तापमानावर हलते: थंड असताना ते साखरेपेक्षा चांगलंच गोड, वाफाळत्या पेयात जेमतेम तिच्याइतकं. म्हणून गरम कॉफीत मध कमी वाटतो, आपण आणखी घालतो, आणि कप निवला की शेवटचे घोट गोडमिट्ट होतात. मध आम्लधर्मीही आहे, त्यामुळे आंबटसर कॉफीची धार वाढते आणि फुलाचा वास वर येतो. थंड कॉफीत मात्र तो शोभतो, कारण साखर थंड पाण्यात लवकर विरघळत नाही. मध आधी थोड्या कोमट कॉफीत सैल करून घ्यायचा.

स्टीव्हियाशी माझं अजून जमलेलं नाही. त्यातले गोड घटक साखरेच्या दोनशे-तीनशे पट गोड, म्हणून कपात नखभरच जातं आणि घोटाला साखरेमुळे येणारं अंग येत नाही. गोडी उशिरा लागते आणि जाता जात नाही, शेवटी ज्येष्ठमधासारखी कडवट चव सोडून जाते. हे घटक जिभेवरच्या कडू चव ओळखणाऱ्या काही ग्राहींनाही जागे करतात, म्हणजे कडू कॉफीत कडूचीच भर. म्हणून प्रमाण वाढवलं की कॉफी जास्त गोड न लागता जास्त विचित्र लागते. दुधाच्या कॉफीत ही कडवट शेपूट बरीच लपते. कोऱ्या कॉफीत वापरायचंच असेल तर निम्मी साखर ठेवून उरलेल्या गोडीसाठी स्टीव्हिया घातलं तर बरं जमतं.