हफमन कोड एकच असतो का?

“एका वारंवारता-तक्त्यापासून एकच हफमन कोड निघतो, लांबी वेगळी आली की कुठेतरी चूक झाली.”

हे खरे नाही. हफमन कोड म्हणजे जास्त वेळा येणाऱ्या अक्षरांना लहान संकेत देऊन मजकूर कमी बिटांत मांडण्याची पद्धत. त्यात दर वेळी सर्वांत कमी वारंवारतेचे दोन घटक जोडतात, आणि अक्षर जितक्या जोडण्यांत सामील, तितके बिट त्याच्या संकेताची लांबी. दहा अक्षरांच्या मजकुरात क 4 वेळा, ख आणि ग प्रत्येकी 2 वेळा, घ आणि च प्रत्येकी 1 वेळा आले आहेत, असे समजू. सर्वांत कमी वारंवारतेचे घ आणि च प्रथम जोडले की 2 भाराची गाठ तयार होते आणि यादीत 4, 2, 2, 2 उरतात. येथेच बरोबरी होते, आणि 2 भाराच्या तिन्हींपैकी कोणते दोन उचलावेत हे डेव्हिड हफमन यांची 1952 मधील पद्धत सांगत नाही.

ग हा नव्या गाठीला जोडला, मग त्यात ख आणि शेवटी क मिळवला, तर क, ख, ग, घ, च यांच्या संकेतांची लांबी अनुक्रमे 1, 2, 3, 4, 4 बिट येते. त्याऐवजी ख आणि ग एकत्र केले व उरलेली 2 ची गाठ क ला जोडली, तर तीच लांबी 2, 2, 2, 3, 3 होते. एकूण बिट मात्र दोन्हीकडे 22 च. कारण प्रत्येक जोडणीत आलेल्या बेरजा (2, 4, 6, 10) मिळवल्या की तोच आकडा मिळतो. पडताळणी लांबीवरून नव्हे, या बेरजेवरून करावी.

व्यवहारात एवढेच पाहावे लागते की उलगडणाऱ्याकडे तोच संकेत-तक्ता असावा. दुसऱ्या रचनेत लांबीतील चढउतार कमी असल्याने ठरावीक वेगाने बिट पाठवताना मी तीच निवडेन.