टप्पा पडल्यावर चेंडू खरोखर वेग घेतो का?

क्रिकेटच्या समालोचनात एक वाक्य पिढ्यानपिढ्या ऐकू येत आले आहे: ‘टप्पा पडल्यावर चेंडूने वेग घेतला आणि फलंदाज फसला.’ १९७१ च्या ऑगस्टमध्ये ओव्हलवर ३८ धावांत ६ बळी घेणाऱ्या भागवत चंद्रशेखरांच्या गोलंदाजीविषयी असे हमखास बोलले जाई आणि पुढे अनिल कुंबळेच्या चेंडूंविषयीही बोलले गेले. अनुभवी फलंदाजही हेच सांगतात, त्यामुळे त्यांना काहीतरी जाणवते यात शंका नाही. परंतु ते ज्या शब्दांत सांगितले जाते ते शब्द चुकीचे आहेत. फिरकी गोलंदाजाने टाकलेला चेंडू टप्पा पडल्यावर वेग घेत नाही, तो नेहमी वेग गमावतो. हे असे का होते, आणि मग फलंदाजाला नेमके काय जाणवते, हे समजण्यासाठी चेंडू जमिनीला टेकलेला असताना त्याच्या तळाशी काय घडते ते पाहावे लागेल.

त्याआधी घरातल्या फरशीवर एक प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. रबरी चेंडू दोन्ही तळहातांत धरावा आणि हातांना उलटसुलट झटका देऊन तो अशा रीतीने फिरवून सोडावा की त्याचा वरचा भाग आपल्याकडे आणि खालचा भाग आपल्यापासून दूर जात असेल. चेंडू सरळ खाली पडतो, परंतु उसळताना तो आपल्या अंगावर येतो. पुढे किंवा मागे जाण्याचा वेग त्याला आपण दिलेलाच नव्हता, तो फरशीने दिला. चेंडूचा तळ पुढे घासत होता म्हणून घर्षणाने त्याला मागे ढकलले. फरशीवर टाल्कम पावडर पसरून हाच प्रयोग पुन्हा केला, तर चेंडू जवळजवळ जागच्या जागी उसळतो आणि त्याची फिरकी बऱ्याच अंशी शिल्लक राहते.

शाळेत आपण शिकतो की घर्षण गतीला विरोध करते. हे खरे आहे, पण कोणाच्या गतीला, हा प्रश्न तिथे सहसा विचारला जात नाही. घर्षण चेंडूच्या केंद्राच्या गतीला विरोध करत नाही, जमिनीला टेकलेला जो तळबिंदू आहे त्याच्या घसरण्याला विरोध करते. आणि तळबिंदूची गती दोन गोष्टींनी ठरते: चेंडू संपूर्णपणे ज्या वेगाने पुढे जातो आहे तो वेग, आणि फिरकीमुळे चेंडूच्या पृष्ठभागाला असलेला वेग. टॉपस्पिन असेल, म्हणजे चेंडू पुढे घरंगळल्यासारखा फिरत असेल, तर तळाचा पृष्ठभाग मागे जात असतो आणि हे दोन वेग एकमेकांतून वजा होतात. बॅकस्पिन असेल तर त्यांची बेरीज होते.

आता प्रत्यक्ष आकडे घेऊ. क्रिकेटच्या चेंडूचा परीघ सुमारे २२.६ सेंटिमीटर असतो. चांगला लेगस्पिनर त्याला मिनिटाला २००० फेरे देतो असे धरले, तर सेकंदाला ३३ फेरे होतात आणि पृष्ठभागाचा वेग सेकंदाला साधारण ७.५ मीटर येतो. चेंडू टप्प्यापाशी पोहोचताना सेकंदाला २० मीटर वेगाने, म्हणजे ताशी ७२ किलोमीटरने पुढे जात असतो असे समजू. संपूर्ण फिरकी टॉपस्पिन असली तरी तळबिंदू २० वजा ७.५, म्हणजे १२.५ मीटर प्रति सेकंद या वेगाने पुढेच घसरतो. तो पुढे घसरत असल्यामुळे घर्षण मागेच लागणार आणि चेंडू मंदावणारच. घर्षणाने त्याला पुढे ढकलावे असे वाटत असेल, तर पृष्ठभागाचा वेग २० मीटरच्या वर न्यावा लागेल, आणि त्यासाठी मिनिटाला सुमारे ५३०० फेरे लागतील. असे मनगट कोणत्याही गोलंदाजाला लाभलेले नाही. टेबल टेनिसमध्ये मात्र हलक्या चेंडूला सेकंदाला शंभराहून अधिक फेरे मिळतात, त्यामुळे तिथे टॉपस्पिनचा चेंडू टेबलावर टेकून खरोखरच वेग घेऊ शकतो.

चेंडू किती मंदावतो हे ठरवणारी गोष्ट मला या साऱ्या विषयात सर्वांत सुंदर वाटते, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबतो. टप्पा पडताना चेंडू सेकंदाला ६ मीटर वेगाने खाली येतो आणि ३ मीटर वेगाने वर उसळतो असे धरू. त्याच्या उभ्या वेगात एकूण ९ मीटरचा बदल झाला. हा बदल समजा ५ सहस्रांश सेकंदात घडला, तर १६० ग्रॅमच्या चेंडूला जमीन त्या वेळेत सरासरी जवळजवळ ३० किलो वजनाइतक्या जोराने दाबत असते. घर्षण या दाबाच्या प्रमाणात असते, म्हणूनच इतक्या थोड्या वेळात ते इतके काही करू शकते. खेळपट्टीचा घर्षणगुणांक ०.४ असेल, तर घर्षणाने आडव्या वेगात होणारा बदल ९ च्या ०.४ पट, म्हणजे ३.६ मीटर प्रति सेकंद. स्पर्श ५ ऐवजी १० सहस्रांश सेकंद टिकला तर दाब निम्मा होतो आणि वेळ दुप्पट, त्यामुळे उत्तर तेच राहते. तळ शेवटपर्यंत घसरत राहिला, तर फिरकी कमी आहे की जास्त याचाही या ३.६ वर परिणाम होत नाही.

परंतु तळ शेवटपर्यंत घसरेलच असे नाही. घर्षण चेंडूला मंदावते त्याच वेळी त्याला पुढच्या दिशेने फिरवतेही, कारण ते केंद्रावर नाही तर कडेवर लागते. भरीव गोलासाठी याचे प्रमाण ठरलेले आहे: चेंडूचा वेग १ मीटरने कमी झाला की पृष्ठभागाचा वेग २.५ मीटरने पुढच्या फिरकीकडे झुकतो. दोन्ही बदल घसरणे कमी करणारे आहेत, म्हणून प्रत्येक १ मीटर वेगाच्या मोबदल्यात घसरण्याचा वेग ३.५ मीटरने घटतो. घसरणे शून्यावर आले की तळ जमिनीला पकडतो, चेंडू क्षणभर घरंगळू लागतो आणि घर्षणाचे काम तिथेच संपते. याचा अर्थ असा की घसरण्याचा सुरुवातीचा वेग काहीही असो, घर्षण त्याच्या दोन सप्तमांशांपेक्षा जास्त वेग चेंडूकडून काढून घेऊ शकत नाही.

समालोचकांच्या वाक्यातले तथ्य इथे सापडते. खेळपट्टी कोरडी आणि खरखरीत आहे, घर्षणगुणांक ०.६ आहे असे समजा. फिरकी नसलेल्या चेंडूचा तळ शेवटपर्यंत घसरतो आणि तो सेकंदाला ५.४ मीटर वेग गमावतो. टॉपस्पिनच्या चेंडूचा तळ मुळातच १२.५ मीटर वेगाने घसरत होता, म्हणून ३.६ मीटर वेग गमावताच तो जमिनीला पकडतो आणि मंदावणे थांबते. एक चेंडू टप्प्यानंतर १४.६ मीटर वेगाने येतो, तर दुसरा १६.४ मीटरने. दोन्ही मंदावलेलेच आहेत, पण पहिल्या चेंडूची सवय झालेल्या फलंदाजाला दुसरा चेंडू अंगावर आल्यासारखा वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

आता लेगब्रेककडे वळू. इथे फिरकीचा अक्ष चेंडूच्या जाण्याच्या दिशेलाच असतो असे धरू, म्हणजे चेंडूचा वरचा भाग ऑफच्या बाजूला आणि तळ लेगच्या बाजूला जातो. तळबिंदू २० मीटर वेगाने पुढे आणि ७.५ मीटर वेगाने लेगकडे, म्हणजे एकूण तिरका घसरतो. घर्षण याच तिरक्या रेषेत उलट लागते. गुळगुळीत खेळपट्टीवरचे ते ३.६ मीटर आता वाटले जातात: साधारण ३.४ चेंडूला मंदावण्यात जातात आणि सुमारे १.३ मीटर प्रति सेकंद इतका वेग त्याला ऑफकडे मिळतो. (दोन्ही काटकोनात असल्यामुळे त्यांची साधी बेरीज ३.६ येत नाही.) चेंडू सुमारे ४.३ अंशांनी वळतो. फलंदाज टप्प्यापासून ३ मीटरवर असेल, तर तिथपर्यंत तो २३ सेंटिमीटर सरकलेला असतो. बॅटची रुंदी जास्तीत जास्त १०.८ सेंटिमीटर असते, म्हणजे एवढे वळणही पुरेसे आहे. याच टप्प्यात चेंडूला भरपूर टॉपस्पिनही मिळते, जे गोलंदाजाने दिलेलेच नव्हते.

दूरचित्रवाणीवर हल्ली मिनिटाचे फेरे ठळक अक्षरांत दाखवतात आणि जास्त फेरे म्हणजे जास्त वळण असा समज रुजतो. फेरे कोणत्या अक्षाभोवती आहेत हे सांगितल्याशिवाय त्या आकड्यावरून वळण कळत नाही. सामन्याआधी खेळपट्टीपाशी नारळ फोडण्याची प्रथाही अनेक मैदानांवर आहे. श्रद्धा ज्याची त्याची, पण चेंडूला वळवते ती रोलर फिरल्यानंतर उन्हात सुकून पृष्ठभाग सुटू लागलेली माती.

उंची दिलेला चेंडू अधिक वळतो हेही याच हिशोबातून निघते. २० ऐवजी १७ मीटर पुढचा वेग आणि ६ ऐवजी ७ मीटर खालचा वेग घ्या. चेंडू जमिनीवर जास्त दाबला जातो, त्यामुळे घर्षण वाढते, आणि पुढचे घसरणे कमी असल्यामुळे त्याचा मोठा वाटा बाजूला जातो. तीच खेळपट्टी आणि तीच बोटे असताना वळण ४.३ वरून सव्वासात अंशांच्या वर जाते. सपाट आणि जोरात टाकणाऱ्या गोलंदाजाला प्रशिक्षक ‘चेंडूला हवा दे’ असे सांगतात, त्यामागे हवेतल्या फसवणुकीइतकेच हेही कारण आहे.

मात्र खेळपट्टी कितीही खरखरीत केली तरी या वळणाला मर्यादा आहे. दोन सप्तमांशांचा नियम बाजूच्या घसरण्यालाही लागू होतो. ७.५ मीटरचे दोन सप्तमांश म्हणजे २.१ मीटर, आणि तोवर पुढचा वेग १४.३ मीटरवर आलेला असतो. म्हणजे आपल्या २० मीटर वेगाच्या चेंडूचे जास्तीत जास्त वळण साडेआठ अंश, ३ मीटरवर ४५ सेंटिमीटर. (चेंडू रबरासारखा आडवा ताणला जाऊन परत झटका देत असेल तर यात थोडी भर पडते, ती मी इथे सोडून दिली आहे.)

तरीही पाचव्या दिवशी चेंडू याहून अधिक वळलेला आपण पाहतो. ते काम एकट्या घर्षणाचे नसते. गोलंदाजांच्या पावलांनी उकरलेल्या जागेत जमीन सपाट राहिलेली नसते. तिथे ५ अंशांचा उतार असला, तर चेंडूला वर उसळवणाऱ्या धक्क्याचाच एक भाग बाजूला वळतो आणि त्यातून सेकंदाला आणखी पाऊण मीटर वेग मिळतो. हा फरक पाहून ओळखता येतो. घर्षणाने वळणारे चेंडू एकाच गोलंदाजाच्या हातून बऱ्यापैकी सारखे वळतात आणि सारखे उसळतात, तर उकरलेल्या जागेत पडणारा एक चेंडू अंगावर येतो, दुसरा खाली राहतो आणि तिसरा उताराची बाजू बदलल्यामुळे सरळ निघून जातो.