देवदान: तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराचा कारभार

देवळाच्या खर्चासाठी गावाचे किंवा शेताचे उत्पन्न कायमचे लावून देणे म्हणजे देवदान. ब्राह्मणांना दिलेल्या गावाला ब्रह्मदेय म्हणत. इसवी सनाच्या सहाव्या ते बाराव्या शतकांत ही पद्धत भारतभर रुजली. मात्र तिचा रोजचा हिशेब चोळांच्या तंजावरइतका तपशिलात फार थोड्या ठिकाणी वाचायला मिळतो. पहिल्या राजराजाने बांधलेले बृहदीश्वर मंदिर १०१० मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या देणग्या देवळाच्या दगडांवरच तमिळमध्ये कोरल्या गेल्या. (याच देवळात सरफोजी दुसरा याने १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला.)

देवळाला गाव दिले म्हणून गावकरी उठून जात नसत. कसणारे तेच राहत, फक्त राजाकडे जाणारा शेतसारा देवळाकडे वळे. तो ठरवण्याची रीत लेखांत दिसते. आधी गावाची एकूण जमीन मांडायची. मग गावठाण, देवळे, तळी, कालवे, कारागिरांची आणि परैयरांची वस्ती, स्मशान हे सारे वजा करायचे, कारण त्यावर सारा नव्हता. उरलेल्या जमिनीवर दर वेलीमागे सुमारे १०० कलम भात बसे (वेली हे जमिनीचे माप, कलम हे धान्याचे). भात मापायचे मापही ठरलेले होते, कारण मापात फरक पडला की सगळा हिशेबच कोलमडतो. ही गावे कावेरीकाठापुरती नव्हती, काही तर श्रीलंकेत होती.

या भातातून माणसे पोसली जात. राजराजाने इतर देवळांतून ४०० नर्तकी आणून त्यांना देवळाजवळच्या गल्ल्यांत एकेक घर दिले आणि प्रत्येकीला वर्षाला १०० कलम भाताचा वाटा नेमला. कोणी वारली किंवा निघून गेली तर तिच्या जवळच्या नातलगाने वाटा घ्यायचा आणि कामही करायचे. नातलग त्या कामाला लायक नसेल तर त्याने दुसरी लायक व्यक्ती नेमायची. तमिळ शिवस्तोत्रे म्हणणारे ४८ गायक आणि दोन वादक यांना रोज प्रत्येकी तीन कुरुणी भात मिळे. बारा कुरुणींचा एक कलम, म्हणजे वर्षाला सुमारे ९१ कलम. नर्तकी आणि गायक यांच्या मिळकतीत फारसे अंतर नव्हते.

पुरोहितवर्गाचा हिस्सा वेगळ्या वाटेने येई. राजराजाचा मुलगा राजेंद्र चोळ याने आपल्या राज्यकाळाच्या एकोणिसाव्या वर्षी शैवाचार्य सर्वशिव पंडित आणि त्यांच्या शिष्यप्रशिष्यांसाठी वर्षाला २,००० कलम भात लावून दिले. हे शिष्य आर्यदेश, मध्यदेश आणि गौडदेशातले असावेत असे लेखात म्हटले आहे. खजिनदार आणि ब्रह्मचारी सेवक पुरवण्याची जबाबदारी ब्रह्मदेय गावांच्या सभांवर होती. खजिनदार निवडताना त्याच्याकडे जमीन, नातेसंबंध किंवा भांडवल आहे का, हे पाहायचे. पैसा हाताळणाऱ्याचा हा एक प्रकारे जामीनच.

रोख देणगी देवळात पडून राहत नसे. ती गावांच्या सभांकडे व्याजाने ठेवली जाई. काशू हे तेव्हाचे नाणे. दर काशूमागे वर्षाला अष्टमांश काशू, म्हणजे साडेबारा टक्के व्याज. व्याज भातात घ्यायचे असेल तर काशूला तीन कुरुणी. राजराजाची बहीण कुंदवै हिने दिलेल्या मूर्तींच्या नैवेद्याची सोय अशाच ठेवीतून केलेली होती. मुद्दल परत घेण्याचा प्रश्नच नव्हता, कारण व्यवहार ‘चंद्रसूर्य असेपर्यंत’ होता. त्यामुळे एकदा रक्कम स्वीकारली की गावाच्या पुढच्या सगळ्या पिढ्यांवर तो बोजा कायमचा बसे. भाताचा भाव चढला किंवा पाऊस हुकला, तरी व्याजाचा आकडा तोच.

दिव्यांची व्यवस्था सर्वांत चतुर म्हणावी लागेल. एका नंदादीपासाठी ९६ मेंढ्या, किंवा ४८ गाई, किंवा १६ म्हशी धनगर-गवळ्यांच्या स्वाधीन करत आणि त्यांनी रोज उळक्कु नावाच्या मापाने एक माप तूप पोचवायचे. या मेंढ्यांना लेखांत ‘न मरणाऱ्या, न म्हाताऱ्या होणाऱ्या’ म्हटले आहे. अर्थात मेंढ्या मरत, पण संख्या घटली तरी तूप घटवायचे नाही. कळपाच्या वाढीतून उरेल ते पाळणाऱ्याचे, आणि रोग आला तर तोटाही त्याचाच.

अशा व्यवस्थेला गळती लागे ती मधल्या हातांत. दान बुडवू नये म्हणून ताम्रपटांत शेवटी शापवचने असत. कोकण-महाराष्ट्रातल्या शिलाहार-यादवकालीन गधेगाळी म्हणजे तोच शाप दगडावर चित्रात कोरलेला. तिरुमाल्पुरमच्या शिवमंदिराच्या बाबतीत मात्र शाप पुरला नाही. तिथे पुदुपाक्कमच्या सभेने देवाला द्यायचा सारा स्वतःकडेच ठेवला होता. राजराजाच्या आधीचा राजा उत्तम चोळ याच्या काळातल्या लेखात ते प्रकरण, जुन्या दप्तरांतल्या नोंदींसह, दगडावर कोरलेले आहे.